एक्केचाळीस उंबरे

शिवलीला रोज सकाळी, चहा पिण्याच्या आधी, एका घरापर्यंत चालत जायची. ते घर आता कुठंच नव्हतं. सास्तूरच्या अलीकडं, जुन्या गावठाणातल्या पांढरीवर जिथं ते होतं, तिथं बाभळी वाढल्या आहेत. पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये ते होतं. ती गेम सुरू करायची, वेशीत उभ्या असलेल्या परकरातल्या मुलीला वरल्या गल्लीनं पुढं न्यायची, चिंचेपाशी डावीकडं वळवायची आणि शेवटच्या दारावर थाप मारायची. दार उघडायचं. आतून लक्ष्मम्मा काकूंचा आवाज यायचा, "ये गं, चुलीवर चहा हाय." एवढं ऐकून ती गेम बंद करायची आणि मग आपला खरा चहा प्यायला उठायची.

यात भावुकपणा काही नव्हता, असं ती म्हणायची. आदल्या दिवशी केलेल्या कामानं आधीचं काही मोडलं आहे का, हे पाहायची तिची ती रीत होती. वेशीपासून त्या दारापर्यंत जाताना चालणं, पायऱ्या, कुत्र्याचं भुंकणं, कडीचा आवाज, दार, माणसाचं बोलणं, सगळं एकदा वापरून होतं. चार मिनिटांत कळतं की गाव अजून जागेवर आहे.

मी तिच्या शेजारी राहते. एम.ए. झाल्यावर नोकरीची वाट बघत होते, तेव्हा तिनं मला गेममधली संभाषणं लिहायला घेतलं. म्हणून ही सकाळ मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

शिवलीलाचा जन्म त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दोन वर्षांचा. जुनं गाव तिनं पाहिलेलंच नाही. तिला ठाऊक होतं ते नवं गाव, सरकारनं आखून दिलेलं, सरळ रस्त्यांचं. इथं घरांना नंबर आहेत आणि एका दारापासून दुसरं दार लांब पडतं. मोठी माणसं बोलताना मात्र सारखी जुन्या गावात जायची. "माळवदावरनं हाक मारली की तिकडं ऐकू जायचं," असं म्हणायची. ही लहान असताना विचारायची, तिकडं म्हणजे कुठं? तेव्हा काकू अंगणातल्या धुळीत काडीनं रेघा ओढून दाखवायच्या. काकू म्हणजे तिच्या गुंडाप्पा चुलत्यांची बायको. त्या रेघांवर पाय देऊन ही चालायची. पॉलिटेक्निक झालं, पुण्यात चार वर्षं नोकरी झाली, आणि एक दिवस घरी परत येऊन तिनं तेच काम पुन्हा सुरू केलं. फक्त रेघा आता पडद्यावर होत्या.

गेमचं नाव 'बोलावणं'. आमच्याकडं संक्रांतीच्या हळदकुंकवाचं बोलावणं घेऊन घरातली मुलगी गल्लीभर फिरते. त्याचा एक नियम आहे. घर चुकवायचं नसतं. अबोला असला, बांधावरून कोर्टकचेरी चालू असली, तरी बोलावणं जातं. दार बंद असेल तर उंबऱ्यावर कुंकवाचं बोट लावून यायचं, म्हणजे पोचलं. गेम एवढाच होता. वरल्या गल्लीची बेचाळीस घरं, एक मुलगी, एक कुंकवाचा करंडा. प्रत्येक दाराशी कुणीतरी काहीतरी बोलतं. कुणी शेंगा देतं, कुणी दुसऱ्याची चुगली करतं. तीन प्रकरणांत बेचाळीस उंबरे झाले की दिवस मावळतो आणि बायका एकेक करून घराबाहेर पडतात.

चित्रं अमरसिंह काढायचा. तो बेंबळीचा, तिचा पॉलिटेक्निकचा जोडीदार, आता पुण्यात एका कंपनीत. त्याचा हात सुरेख होता. दगडी भिंतीवरचा शेणाचा पोत तो असा रंगवायचा की काकूंनी पहिल्यांदा बघून पडद्याला बोट लावलं होतं. लोकांकडून आगाऊ वर्गणी मागणाऱ्या संकेतस्थळावर आम्ही हा गेम मांडला, तेव्हा सहाशे चाळीस जणांनी पाठबळ दिलं. निम्मे महाराष्ट्रातले, बाकी कुठकुठले. त्यांना बॅकर म्हणतात. त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी काम कुठवर आलं ते लिहून कळवायचं असतं. मी मराठीत लिहायची, शिवलीला इंग्रजी करायची, अमरसिंह चित्रं जोडून पानावर टाकायचा. अशी दहा अपडेट गेली होती. गेम दिवाळीला येणार, असं दहाव्यात होतं.

आवाज सगळे गावातल्याच माणसांचे. शिवलीला मोबाइल आणि एक लहान माईक घेऊन घरोघर गेली होती. पहिलं घर अर्थातच काकूंचं. मी सोबत होते. काकूंनी आधीच सांगितलं, "सगळं सांगते. पण ती रात न्हाय दाखवायची. एवढं एक."

"न्हाय दाखवणार, काकू."

"उंबऱ्याला हात लावून सांग."

हिनं नव्या घराच्या फरशीच्या उंबऱ्याला हात लावला. काकू हसल्या. म्हणाल्या, हा कसला उंबरा, पण चालंल.

मग त्या दोन तास बोलल्या. चूल, सासू, विहीर, शेजारणीची म्हैस. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, त्या रात्रीचं बोलल्या. विसर्जन बघून दमलेली त्यांची लेक शकू आतल्या खोलीत झोपली होती. सहा वर्षांची. हादरा बसला, चौकट वाकली, दार अडकलं. काकू बाहेरून हाका मारत होत्या, शकू, कडी काढ. माईक चालूच होता. तो बंद करायचा आम्हा दोघींना धीर झाला नाही.

नंतर जवळजवळ प्रत्येक घरात तसंच झालं. न दाखवण्याचं वचन माणसं आधी घ्यायची आणि मग आपण होऊन तेच सांगायची. त्या सगळ्या ध्वनिफिती शिवलीलानं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. नाव दिलं, 'वापरायचं नाही'. मी म्हटलं होतं, पुसून टाक. ती म्हणाली, माणूस पहिल्यांदा बोललंय, त्याचं बोलणं पुसायचं कसं. गावात बहुतेकांनी हेच म्हटलं असतं. आपल्याकडं कुणी मन मोकळं केलं तर ते सांभाळायचं असतं, वापरायचं नसतं, टाकायचंही नसतं. चूक झाली ती इथं. ते फोल्डर गेमच्या बाकी सगळ्या सामानाबरोबरच होतं आणि त्या सामानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, अमरसिंहकडंही होती. घरातल्या माणसापासून फडताळाला कुलूप लावायचं तिला सुचलं नाही.

त्या सकाळी मी गेले तेव्हा ती पडद्याकडं बघत बसली होती. रात्री अमरसिंहनं पाठवलेलं काम तिच्या कॉम्प्युटरवर उतरत होतं. एरवी काही सेकंदांत उतरतं. आज दहा मिनिटं झाली तरी संपेना. ती म्हणाली, एवढं जड काय टाकलंय यानं. मग गेम सुरू झाला आणि पहिल्याच पानावर तीन प्रकरणांच्या खाली चौथं दिसलं. त्याचं नाव होतं, 'तीस सप्टेंबर'. भूकंपाची तारीख.

तिनं ते उघडलं. तीच गल्ली, अंधारी. पडद्याच्या कोपऱ्यात उलटे पळणारे आकडे. मुलगी धावत होती. चिंचेपाशी डावीकडं वळल्यावर शेवटचं दार अर्ध्यावर झुकलेलं, आणि खाली सूचना, कडी काढण्यासाठी बटण वेगानं दाबा. कडी निघायची ती शिवलीलानंच लिहिलेल्या कोडनं, रोज सकाळी वाजायची तीच कडी. आणि तिथंच काकूंचा आवाज येत होता. शकू, कडी काढ.

ती बटण दाबत राहिली नाही. आकडे शून्यावर आले, पडदा काळा झाला, आणि पुन्हा प्रयत्न करा असं आलं.

मग तिनं ईमेल उघडलं. अकरावं अपडेट आदल्या संध्याकाळीच बॅकरांना गेलं होतं. खाली दोघांची नावं होती. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की मला पाठ झालं आहे. गेम दिवाळीऐवजी मार्चमध्ये येईल, उशिराबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. डेमो खेळणाऱ्यांपैकी निम्मे लोक सहा मिनिटांत थांबले. काही पणाला लागलेलं आहे असं त्यांना वाटलं नाही. म्हणून आम्ही रचना बदलली आहे. आता पहिल्या तीन प्रकरणांत तुम्ही ज्या घरांना बोलावणं द्याल, त्याच घरांतली माणसं चौथ्या प्रकरणात तुमची हाक ओळखतील. जे दार चुकवाल ते त्या रात्री उघडणार नाही. सोबत नव्या प्रकरणाची चाळीस सेकंदांची चित्रफीत. चित्रफितीत काकूंचा आवाज.

अपडेटचं पहिलं वाक्य माझं होतं. 'गाव म्हणजे एकमेकांना ऐकू जाणारी अंतरं.' दुसऱ्या कशासाठी लिहून मी ते दोघांना पाठवलं होतं.

ते बदलता येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, अपडेट प्रसिद्ध झाल्यावर अर्धा तास दुरुस्त करता येतं, मग नाही. आणि केलं तरी काय, सहाशे चाळीस माणसांच्या ईमेलमध्ये ते पोचलेलं आहे.

तिनं अमरसिंहला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो आनंदात होता. तिला चकित करायचं म्हणून दोन महिने गेमच्या वेगळ्या प्रतीवर काम करत होतो, असं सांगू लागला. ती काही बोलेना तेव्हा त्याचा सूर बदलला. तो म्हणाला, लोक सहा मिनिटांत झोपतायत तुझ्या गावात. नियम तुझाच वापरलाय, घर चुकवायचं नसतं. मी त्याला फक्त परिणाम दिला.

ती एवढंच म्हणाली, "त्या फोल्डरचं नाव वाचलं होतंस?"

"वाचलं होतं. शिवे, त्यात जे आहे ना, त्याच्यापुढं आपली तीन प्रकरणं काहीच न्हाईत. तू घाबरून ठेवलं असशील असं वाटलं."

"म्या शब्द दिला होता."

"कुणी वाचणार हाय तिथं सास्तुरात बॅकरांचं अपडेट?"

वाचायची गरज पडली नाही. आमच्या गावचा एक जण पुण्यात नोकरीला आहे. त्यानंही गेमला पाठबळ दिलं होतं, कौतुकानं. त्यानं ती चित्रफीत गावाच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, आपलं गाव जगात पोचलं. दहा वाजता काकू शेजारणीच्या अंगणात सुपात ज्वारी घेऊन निवडत बसल्या होत्या आणि शेजारणीच्या मोबाइलमधून त्यांना स्वतःची हाक ऐकू आली.

आम्ही गेलो तेव्हा त्या आपल्या घरी परत येऊन तेच सूप घेऊन बसल्या होत्या. ज्वारी निवडून झालेली होती, तरी बोटं चालत होती. शिवलीला उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. काकू मान वर न करता म्हणाल्या, "या. बसा."

तीस वर्षांच्या आयुष्यात काकूंनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

तिनं सगळं सांगितलं. मी केलं नाही, मला माहीत नव्हतं, काढून टाकते. सांगताना तिच्याच लक्षात येत होतं की प्रत्येक वाक्य खरं आहे आणि एकाचाही उपयोग नाही. काकूंनी ऐकून घेतलं.

"दुसऱ्यानं केलं म्हणताय. असंल. पण त्याला म्या कुठं सांगितलं होतं? म्या तुम्हाला सांगितलं होतं."

"काकू, तू म्हणा मला."

"माझ्या लेकालाबी कडीचं कधी सांगितलं न्हाय म्या. आता त्याच्या पोरांच्या मोबाइलात हाय." काकूंनी सूप खाली ठेवलं. "तिथं काय लिवलंय म्हणं, परत प्रयत्न करा. शेजारीण वाचून दाखवत होती."

काकू उठून उभ्या राहिल्या.

"आमचं घर काढून टाका तुमच्या खेळातनं. दार, चूल, समदं."

गुंडाप्पा तात्या पलीकडं बाजेवर बसले होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. निघताना चहाचं कुणी विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस तिनं काढण्यात घालवले. चौथं प्रकरण मागं घेणं सोपं होतं. पण अशा कामात आधीची प्रत्येक अवस्था जपून ठेवलेली असते. वरून काढलेली गोष्ट इतिहासात तशीच राहते, आणि कुणीही मागं जाऊन ती उचलू शकतं. म्हणून तिनं तो इतिहासच नव्यानं लिहिला, त्या ध्वनिफिती कधी आल्याच नव्हत्या असा. तरी अमरसिंहच्या कॉम्प्युटरवर जी प्रत होती ती होतीच. त्यानं पुसली म्हणून कळवलं. तिनं विश्वास ठेवला की नाही, हे मला माहीत नाही. पानावरची चित्रफीत खाली उतरवली, पण तोवर ती किती जणांनी घेतली होती याला हिशेब नव्हता. मूळ ध्वनिफिती तिनं एका पेनड्राइव्हवर घेतल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी जाऊन ऐकवून, त्यांच्यादेखत पुसल्या. काकूंची फीत घेऊन ती गेली तेव्हा काकू घरात असून बाहेर आल्या नाहीत. तात्यांनी हात पुढं केला. पेनड्राइव्ह बंडीच्या खिशात टाकून ते आत गेले.

मग बारावं अपडेट. मी चार मसुदे लिहिले. एकात अमरसिंहवर राग होता, एकात तांत्रिक अडचणी होत्या, एक फार सुंदर होता. तिनं तिन्ही बाजूला ठेवले आणि चौथ्यातली निम्मी वाक्यं खोडली. राहिलं ते असं:

'अकराव्या अपडेटमध्ये आम्ही सांगितलेलं चौथं प्रकरण गेममध्ये असणार नाही. त्यातला आवाज एका बाईंचा होता. त्यांना ती रात्र दाखवणार नाही असा शब्द दिलेला होता. तो शब्द मोडला गेला. ती फीत आमच्या सामायिक सामानात मी ठेवली होती, म्हणून जबाबदारी माझी आहे. ज्यांनी चित्रफीत उतरवून घेतली असेल त्यांनी ती पुसावी, ही विनंती. गेम मार्चमध्येही येणार नाही, जूनमध्ये येईल. कारण आता प्रत्येक घराला पुन्हा विचारायचं आहे. जे नाही म्हणतील त्यांची दारं बंद राहतील. तिथं उंबऱ्यावर कुंकू लावून तुम्हाला पुढं जाता येईल. एक घर त्या कुटुंबाच्या सांगण्यावरून पूर्ण काढलं आहे. तिथं मोकळी जागा आहे. बोलावणं बेचाळीस घरांचं होतं आणि एक्केचाळीस पोचतील. गेम पूर्ण होणार नाही. हा दोष नाही, तशीच रचना आहे.'

ज्यांना वर्गणी परत हवी त्यांनी कळवावं, अशी शेवटची ओळ होती. थोड्यांनी कळवलं. बऱ्याच जणांनी काहीच म्हटलं नाही. एकानं लिहिलं, चौथं प्रकरणच मला हवं होतं, तुम्ही आमची फसवणूक केली. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, तो त्याच्या जागी बरोबर हाय.

अमरसिंहनं फोन करून सांगितलं, चित्रं वापर, माझं नाव काढ. तिनं नाव ठेवलं. त्यावर दोघांमध्ये पुन्हा बोलणं झालं नाही.

उरलेल्या एक्केचाळीसांपैकी एकोणीस घरांनी पुन्हा होकार दिला. बाकीच्यांनी तोंडावर नाही म्हटलं नाही. आमच्याकडं तसं म्हणत नाहीत. बघू, पोरगा आला की विचारतो, सध्या सुगी हाय. ती समजायची आणि संध्याकाळी एक दार बंद करायची.

संक्रांतीला खरं बोलावणं फिरलं. नव्या गावात आता मुली फिरत नाहीत. मोबाइलवर निरोप येतो, पण आमच्या गल्लीत काकू अजून नातीला करंडा देऊन पाठवतात. मी शिवलीलाच्या दारात तिच्या आईबरोबर उभी होते. नात समोरच्या घरी गेली, माझ्या घरी गेली, मग पलीकडच्या घरी गेली. शिवलीलाची आई काही वेळ उभी राहिली आणि म्हणाली, इसरली असंल पोर. शिवलीला आत गेममधल्या मोकळ्या जागेभोवती दगड मांडत होती. तिला ऐकू आलं असणार. ती बाहेर आली, उंबऱ्याकडं पाहिलं. तिथं कुंकवाचं बोटही नव्हतं. ती परत आत गेली.

त्यानंतरही सकाळची चाल तिनं सोडली नाही. वेस, गल्ली, चिंच, डावीकडं. तिथं आता थाप मारायला काही नव्हतं. मुलगी मोकळ्या जागेपुढं उभी राहायची, वारा वाजायचा. शिवलीला नेहमीएवढाच वेळ थांबायची आणि गेम बंद करायची. बॅकरांना आधी दिलेली आवृत्ती खेळून एकानं विचारलं, बेचाळिसावं घर सापडत नाही, काही बिघाड आहे का. तिनं एका ओळीचं उत्तर दिलं. बिघाड नाही.

मे महिन्यात तिला हैदराबादच्या एका कंपनीत काम मिळालं. जूनचं प्रकाशन तिथूनच करणार होती. जायच्या दिवशी ती काकूंच्या घरासमोरून गेली. काकू अंगणात होत्या. तिनं वाकून नमस्कार केला. काकूंनी पाय मागं घेतले नाहीत. "नीट जावा," म्हणाल्या. तेवढंच.

सास्तूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना मी तिला विचारलं, तू अमरसिंहवर रागावलीस तरी का नाहीस? ती रस्त्याकडं बघत राहिली. एक बैलगाडी गेली, दोन मोटारसायकली गेल्या. मग लांबून एसटी दिसली तशी तिनं बॅग खांद्याला लावली, घरच्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पडद्यावर ओलं फडकं फिरवू नको, कोरडंच फिरव."